एका वेबकॅमवरून मोशन कॅप्चर: घसरणारे पाय, चुकलेली डेप्थ आणि थरथरणारे हात कसे सुधारायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगाला मार्कर नाहीत, खास सूट नाही, स्टुडिओ नाही. एक वेबकॅम आणि समोर नाचणारा माणूस, एवढ्यावर थ्रीडी पात्र हलवायचं असतं. व्हिडिओ टूलमध्ये टाकला की दोन-चार मिनिटांत हालचाल मिळते. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि इथले प्रश्न त्या कामाबद्दलच आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: ८ सेकंदांची, सेकंदाला ३० फ्रेमची, १२८० × ७२० आकाराची लेझीमची क्लिप. खेळणारी व्यक्ती १.६५ मीटर उंच आहे आणि कॅमेऱ्यापासून ३.२ मीटरवर उभी आहे. ती एक पाऊल पुढे येते, वाकते, उठते, मागे जाते. लेझीम घेतली कारण तिच्यात तिन्ही दुखणी एकत्र भेटतात. हात सतत छातीसमोर असतात, पाय जमिनीवर ठाम पडतात आणि मनगटं वेगाने हलतात.

एकाच कॅमेऱ्यातून थ्रीडी येतं तरी कुठून?

बरंचसं अंदाजाने. चित्रात कोपर कुठे आणि मनगट कुठे, हे टूलला चांगलं दिसतं. कोपरापेक्षा मनगट कॅमेऱ्याच्या किती जवळ आहे, हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. ते हाडाच्या लांबीवरून आणि आधी शिकलेल्या हजारो हालचालींवरून ठरवलं जातं.

यातला भूमितीचा भाग समजला की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. हाडाची खरी लांबी L आणि चित्रात दिसणारी लांबी l असेल, तर डेप्थमधला फरक असा निघतो:

```
dz = ± sqrt(L² − l²)
```

इथे दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ते ±. हात पुढे आहे की मागे, दोन्हींचं चित्र जवळपास सारखंच दिसतं. दुसरी अडचण जास्त छुपी आहे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात २५ सें.मी. धरू. तो कॅमेऱ्याला समांतर असेल तर l = २५ आणि dz = ०. टूलने मनगट ओळखण्यात फक्त १ सें.मी.ची चूक केली आणि l = २४ धरलं, तर dz थेट ७ सें.मी. होतो. तोच हात कॅमेऱ्याकडे वळलेला असताना l १३ ऐवजी १२ धरलं गेलं, तर dz २१.४ वरून २१.९ होतो, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर फरक. हात बाजूला पसरून स्थिर उभं राहिलं तरी मनगट पुढे-मागे डुलतं, त्याचं कारण हे आहे. चित्रात सगळ्यात स्वच्छ दिसणारी मुद्रा डेप्थच्या दृष्टीने सगळ्यात कच्ची असते.

कोणतं टूल वापरू?

दोन घराणी आहेत, आणि आपण कोणत्या घरातलं वापरतोय हे माहीत असणं पुरेसं आहे. पहिलं मीडियापाइपसारखं. ते साध्या लॅपटॉपवर चालतं आणि अंगावरचे ३३ बिंदू देतं. त्यात टाच आणि चवडा वेगवेगळे मिळतात, ही पायांसाठी मोठी सोय आहे. पण त्याच्या थ्रीडी बिंदूंचं शून्य दोन्ही खुब्यांच्या मधोमध असतं. म्हणजे माणूस खोलीत कुठे गेला, ही माहिती त्यात मुळात नसते. शिवाय हाडांच्या लांब्या दर फ्रेमला थोड्या बदलतात.

दुसरं घराणं पूर्ण शरीराचा साचा बसवणाऱ्यांचं, उदाहरणार्थ WHAM किंवा GVHMR. त्यांना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, पण हाडांची लांबी पक्की राहते, माणूस जागेवरून हललेला दिसतो आणि पाय टेकल्याचा अंदाजही ही टूल्स स्वतः बांधतात. मात्र हे सगळं २०१५ च्या SMPL नावाच्या साच्यावर उभं आहे आणि त्याचा मोफत परवाना व्यावसायिक कामासाठी नाही. ग्राहकाचं काम हातात घेण्याआधी परवाना वाचा, नंतर नको.

ब्राउझरमधल्या सेवा आतून याच दोनपैकी एका वळणाच्या असतात. खालची दुरुस्ती सगळ्यांनाच लागू पडते.

चित्रीकरणातच काय सांभाळलं तर नंतरचा त्रास वाचेल?

तीन गोष्टी. कॅमेरा लॅपटॉपच्या झाकणावर ठेवू नका, कारण झाकण मागे कललेलं असतं. कॅमेरा १० अंश कलला आणि टूलने तो सरळ धरला, तर १ मीटर पुढे चालणारं पात्र सुमारे १७ सें.मी. जमिनीत रुततं किंवा वर तरंगतं, आणि सरळ उभं असतानाही पुढे-मागे झुकलेलं दिसतं. तिपाईवर, कमरेच्या उंचीला, लेव्हल लावून ठेवा. आमच्या उदाहरणात उंची ०.९ मीटर आहे. हा आकडा टेपने मोजून लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतो.

दुसरं, प्रकाश. अंधुक खोलीत वेबकॅम शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. लेझीम खेळताना मनगट सेकंदाला ३ मीटर वेगाने सहज जातं. १/३० सेकंदाच्या शटरला ते १० सें.मी. सरकतं, म्हणजे आपल्या अंतरावर जवळजवळ २८ पिक्सेलचा धूसर पट्टा. त्यात मनगट नक्की कुठे, हे टूललाही कळत नाही आणि तुम्हालाही सांगता येणार नाही. ऑटो एक्सपोजर बंद करून १/१०० ठेवलं तर पट्टा ८ पिक्सेलवर येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/१०० ला दिव्याची लुकलुकही पकडली जात नाही.

तिसरं, फ्रेमचा वेग. कमी प्रकाशात अनेक वेबकॅम गुपचूप ३० वरून १५ फ्रेमवर येतात आणि फाइलमध्ये वेग कमीजास्त होत राहतो. मग वेगावर आधारलेली पुढची सगळी गणितं चुकतात. टूलमध्ये टाकण्याआधी वेग एकसारखा करून घ्या:

```
ffmpeg -i lezim.mp4 -fps_mode cfr -r 30 lezim30.mp4
```

या आदेशाने हरवलेल्या फ्रेम परत येत नाहीत, फक्त शेजारच्या फ्रेमची नक्कल भरली जाते. एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहा. हालचाल चालू असताना दर दुसरी फ्रेम हुबेहूब आधीच्यासारखी असेल, तर दिवा वाढवून पुन्हा शूट करणं स्वस्त पडेल.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची?

आधी वेड्यावाकड्या फ्रेम काढा, मग डेप्थ आणि पात्राची जागा दुरुस्त करा, मग थरथर घालवा, मग हालचाल आपल्या पात्रावर चढवा आणि पाय सगळ्यात शेवटी लॉक करा.

बहुतेक जण आधी फिल्टर लावतात, कारण थरथर डोळ्याला सगळ्यात जास्त खुपते. पण फिल्टरने फक्त पुढे-मागे होणारी चूक जाते. एकाच बाजूला असलेली चूक तशीच राहते, उलट गुळगुळीत होऊन खरी वाटू लागते. पाय आधी लॉक करून नंतर फिल्टर लावला तर लॉक विरघळतो, कारण टेकलेल्या आणि उचललेल्या फ्रेमची सरासरी होते आणि पाऊल पुन्हा सरकू लागतं.

पात्र खाली बसतं तेव्हा कंबर जागेवरच राहते आणि पाय वर येतात. असं का?

तुमचं टूल पहिल्या घराण्यातलं आहे. खुबे शून्यावर खिळलेले असल्यामुळे बैठक मारली की पाय वर जाणार आणि चाललं की पात्र जागच्या जागी पाय हलवणार. हा बिघाड नाही, त्या आकड्यांचा अर्थच तसा आहे.

उपाय असा की नजर कंबरेवरून काढून पावलावर आणायची. जे पाऊल टेकलेलं आहे ते जगात स्थिर आहे असं धरा आणि कंबर त्याच्या उलट दिशेने हलवा. टेकलेला पाय खुब्यांच्या तुलनेत एका फ्रेममध्ये १ सें.मी. मागे गेला, तर खुबे जगात १ सें.मी. पुढे गेले. उभ्या दिशेलाही तेच. उडी सोडून प्रत्येक फ्रेममध्ये सगळ्यात खालचा बिंदू जमिनीवर आणा, कंबर आपोआप योग्य उंचीला येते. प्रत्येक पावलाला थोडी चूक साठत जाते, म्हणून लांब क्लिपमध्ये पात्र हळूहळू भरकटतं. ते आवरायला पुढचं उत्तर लागेल.

एक पाऊल पुढे टाकलं की पात्र दीड पाऊल पुढे येतं. हे कसं सुधारू?

हा दोष बहुतेक वेळा फोकल लांबीचा असतो. कॅमेऱ्याची माहिती दिली नाही तर अनेक टूल्स फोकल लांबी चित्राच्या कर्णाइतकी धरतात. १२८० × ७२० साठी ती १४६९ पिक्सेल होते. पण कर्णाच्या दिशेने ७८ अंशांचं दृश्य टिपणारा नेहमीचा वेबकॅम असेल तर खरी फोकल लांबी सुमारे ९०७ पिक्सेल असते. मग ३.२ मीटरवरचा माणूस टूलला ५.१८ मीटरवर उभा वाटतो आणि ६० सें.मी.चं पाऊल ९७ सें.मी.चं होतं.

खोक्यावर छापलेल्या अंशांवर विसंबू नका, व्हिडिओ मोडमध्ये चित्र कापलं जाऊ शकतं. १ मीटरची पट्टी कॅमेऱ्यासमोर ३.२ मीटरवर चित्राच्या मधोमध उभी धरा आणि ती किती पिक्सेल दिसते ते मोजा. २८३ आले तर:

```
f = 283 × 3.2 / 1 ≈ 906
```

टूलमध्ये फोकल लांबी भरायची सोय असेल तर ती भरून व्हिडिओ पुन्हा चालवा, तेच उत्तम. सोय नसेल तर कंबरेच्या पुढे-मागे जाणाऱ्या वक्राला ९०६ / १४६९, म्हणजे ०.६१७ ने गुणा. फक्त त्याच वक्राला. डावं-उजवं आणि वर-खाली बरोबरच असतं.

आता ते ०.९ मीटर आठवा. कॅमेरा सरळ आणि त्याची उंची माहीत असेल, तर जमिनीला टेकलेल्या टाचेची डेप्थ अंदाज न लावता काढता येते. चित्राच्या मध्यापासून टाच y पिक्सेल खाली दिसत असेल तर:

```
Z = f × 0.9 / y
```

उदाहरणात सुरुवातीला टाच मध्यापासून २५५ पिक्सेल खाली आहे, Z = ३.२ मीटर. पुढच्या पावलाला ती ३१४ वर येते, Z = २.६ मीटर. पाऊल ६० सें.मी.चं होतं हे असं सिद्ध झालं. टाच ओळखण्यात २ पिक्सेलची चूक झाली तरी डेप्थ फक्त अडीच सेंटिमीटरने बदलते. एका कॅमेऱ्याच्या व्हिडिओत डेप्थचा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. म्हणून प्रत्येक टेकलेल्या पावलासाठी हा आकडा काढा आणि कंबरेचा वक्र त्या खुंट्यांना बांधा. भरकटणं तिथेच थांबतं.

हात छातीसमोर आणले की एखादा हात छातीत घुसतो किंवा पाठीमागे जातो. काय करू?

तो वरचा ± आहे. एखाद्या फ्रेममध्ये टूलने चिन्ह चुकीचं निवडलं. ओळखायची खूण अशी की समोरून, म्हणजे मूळ कॅमेऱ्याच्या जागेवरून, सगळं बरोबर दिसतं आणि बाजूने पाहिलं की हात भलतीकडे असतो. म्हणून तपासणी नेहमी बाजूने आणि वरून करा. समोरून पाहून काम संपल्याचा भास होतो.

चूक दोन-चार फ्रेमचीच असेल तर त्या कीफ्रेम काढून टाका आणि दोन्ही बाजूंच्या चांगल्या फ्रेम जोडून घ्या. पूर्ण सेकंदभर हात मागे असेल तर त्या टप्प्यात मनगटाची डेप्थ कोपराच्या डेप्थभोवती उलटी करा. हाडाची लांबी आणि समोरून दिसणारं चित्र दोन्ही जवळजवळ तेच राहतात, फक्त दिशा बदलते. कोपर उलटं वाकतंय का, हे नंतर पाहायला विसरू नका.

लेझीममध्ये एक जादा मदत आहे. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात साखळीची मूठ असते. साखळी पूर्ण ताणलेली असताना दोन मुठींमधलं अंतर टेपने मोजा. कोणत्याही फ्रेममध्ये दोन मनगटं त्याहून लक्षणीय लांब गेली, तर ती फ्रेम खोटी. साखळी सैल असताना अंतर कमी होणारच, म्हणून ही अट फक्त वरच्या मर्यादेची ठेवा, कायम अंतराची नाही.

थरथर घालवायला कोणता फिल्टर लावू, आणि किती?

आधी सुटे झटके काढा. मनगट एका फ्रेमपुरतं अर्धा मीटर उडालं असेल आणि तुम्ही सरळ सरासरीचा फिल्टर लावलात, तर तो झटका आजूबाजूच्या पाच-सात फ्रेममध्ये पसरतो आणि मग काढता येत नाही. पाच फ्रेमचा मीडियन फिल्टर सुटा झटका पूर्ण गिळतो. त्यानंतर बटरवर्थ, म्हणजे दिलेल्या हर्ट्झपेक्षा वेगवान थरथर गाळणारा फिल्टर. इथे तो आकडा ६ आहे:

```python
from scipy.signal import butter, filtfilt
b, a = butter(2, 6, fs=30)
y = filtfilt(b, a, x, axis=0)
```

`filtfilt` फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवतो, त्यामुळे हालचाल उशिरा होत नाही. वन यूरो फिल्टर २०१२ पासून फार लोकप्रिय आहे, पण तो थेट चालू असलेल्या चित्रासाठी बनवलेला आहे. त्याला पुढची फ्रेम माहीत नसते, म्हणून तो थोडा मागे राहतो. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत पुढच्या फ्रेम हातात असताना ती तडजोड कशाला करायची?

६ हर्ट्झ हा आकडा चालण्याच्या अभ्यासात रुळलेला आहे, पण सगळ्या अंगाला एकच आकडा लावू नका. धड आणि कंबर जड, त्यांना ४ चालतो. हातांना ७ किंवा ८. पाय आपटण्याचा ठोका ४ वर नेला तर पाऊल गादीवर पडल्यासारखं दिसतं, म्हणून पायांना ८ ते १०. ३० फ्रेमच्या व्हिडिओत १५ हर्ट्झच्या वरचं काही मुळात नोंदलेलंच नसतं, त्यामुळे १२-१३ लावणं म्हणजे न लावल्यासारखंच.

किती लावायचं हे ठरवायला एक चाचणी आहे. प्रत्येक शूटच्या सुरुवातीला दोन सेकंद हात थोडे बाजूला धरून स्थिर उभं राहायला सांगा. त्या दोन सेकंदांत मनगट जेवढं हलतं, ती सगळी टूलची थरथर. आकडा खाली आणत जा आणि ती दिसेनाशी झाली की थांबा. मग सगळ्यात जोरकस हालचालीत मूळ व्हिडिओ शेजारी ठेवून पाहा. हात जिथपर्यंत गेला होता तिथपर्यंत पात्राचा हात पोचत नसेल, तर फिल्टर जास्त झाला. स्थिर भागात एक आणि जोरकस भागात दुसरा आकडा वापरायला काहीच हरकत नाही.

फिल्टरनंतर मनगट अचानक गर्रकन पूर्ण फिरतं. हे आधी नव्हतं!

होतं, फक्त दिसत नव्हतं. वळण १७९ वरून −१७९ अंशांवर गेलं तर डोळ्याला २ अंशांचा फरक, पण फिल्टरला ३५८ अंशांची उडी दिसते आणि तो मधले सगळे कोन भरून काढतो. ब्लेंडरमध्ये Graph Editor उघडून Key मेनूतला Discontinuity (Euler) Filter आधी चालवा, मग गुळगुळीत करा. क्वाटर्नियन असतील तर लागोपाठच्या दोन फ्रेमचा डॉट गुणाकार ऋण आला की दुसऱ्याची चारही चिन्हं उलटवा. शक्य असेल तेव्हा वळणांऐवजी सांध्यांच्या जागाच गाळा आणि मग वळणं काढा, ही भानगडच उद्भवत नाही.

पाय कधी टेकला हे कसं ठरवायचं?

इथे सगळे थ्रीडी पायाचा वेग पाहतात. पण कंबरेची जागा चुकलेली असेल तर तो वेगही चुकलेलाच. कॅमेरा तिपाईवर स्थिर आहे ना? मग टेकलेलं पाऊल चित्रातही हलत नाही. टाच आणि चवडा यांचे मूळ पिक्सेल घ्या आणि तिथेच वेग मोजा.

आपल्या अंतरावर १ मीटर म्हणजे २८३ पिक्सेल. सेकंदाला २० सें.मी. हा वेग फ्रेममागे सुमारे २ पिक्सेल होतो. त्याहून कमी झाला की पाय टेकला असं धरा. सुटला असं मात्र ४ पिक्सेल ओलांडल्यावरच धरा. टेकण्याची आणि सुटण्याची मर्यादा एकच ठेवली तर पाय दर दोन फ्रेमला टेकतो-सुटतो आणि पात्र जमिनीवर फडफडतं. चारपेक्षा कमी फ्रेमचा टप्पा आला तर तो बहुतेक खोटा. फक्त उचललेला पाय हवेत वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तोही संथच असतो, म्हणून उंची पण तपासा.

टाच आणि चवडा यांचा हिशोब वेगळा ठेवा. चालताना आधी टाच टेकते, मग पूर्ण पाऊल, मग टाच उचलते आणि चवडा शेवटी सुटतो. पूर्ण पाऊल एकदम लॉक केलं आणि एकदम सोडलं तर पात्र लोखंडी बूट घातल्यासारखं चालतं. उदाहरणातल्या उजव्या पायाची टाच फ्रेम ६२ ते ७९ आणि चवडा ६४ ते ८४ असा टेकलेला आहे. फ्रेम ६४ ते ७९ पूर्ण पाऊल लॉक, ८० ते ८४ फक्त चवडा, आणि त्या पाच फ्रेममध्ये पाऊल चवड्याभोवती फिरतं.

ही यादी यंत्राने बनवली तरी एकदा व्हिडिओ फ्रेमवार पाहून हाताने तपासा. ८ सेकंदांच्या क्लिपला फार वेळ लागत नाही.

आणि लॉक कसं करायचं?

टेकलेल्या टप्प्यातल्या सगळ्या जागांचा मीडियन काढा, ती पावलाची जागा. पहिल्या फ्रेमची जागा घेऊ नका, कारण तेव्हा पाय अजून घसरत येत असतो. उंची अशी, की तळवा बरोबर जमिनीला टेकेल.

ब्लेंडरमध्ये त्या जागी एक Empty ठेवा. पोटरीच्या हाडाला Inverse Kinematics लावा, Target म्हणून ती Empty, Chain Length २ आणि गुडघ्यासमोर Pole Target. पावलाच्या हाडाला Copy Rotation. मग Influence ला कीफ्रेम द्या: टेकण्याआधी ३ फ्रेम ० आणि टेकताना १, सुटल्यानंतर ४ फ्रेममध्ये पुन्हा ०. पाय आपटण्याच्या ठिकाणी आधीच्या ३ ऐवजी १ किंवा २ फ्रेम ठेवा, ठोका टिकतो. समाधान झालं की Bake Action मध्ये Visual Keying आणि Clear Constraints चालू करून सगळं हाडांवर उतरवा.

लॉक केल्यावर गुडघा झटका देतो. का?

पाय पूर्ण सरळ होतो तिथे हे घडतं. मांडी ४२ आणि पोटरी ४० सें.मी. धरली तर पायाची पूर्ण लांबी ८२. खुबा आणि घोटा यांत ८१ सें.मी. अंतर असेल तर गुडघा सुमारे १८ अंश वाकलेला असतो. ते ८२ झालं की एकदम शून्य. म्हणजे कंबरेतली १ सें.मी.ची डुगडुग गुडघ्यात १८ अंशांची होते. ८३ झालं तर पाय पोचतच नाही आणि पाऊल लॉकमधून निसटतं.

गुडघ्याला हात लावू नका, कंबर खाली आणा. प्रत्येक फ्रेममध्ये खुबा ते घोटा हे अंतर पूर्ण लांबीच्या ९९ टक्क्यांच्या आत राहील एवढीच कंबर उतरवा आणि त्या उतरण्याचा वक्र ४ हर्ट्झने गुळगुळीत करा. कंबर एक-दीड सेंटिमीटर खाली गेलेली कुणाच्या लक्षात येत नाही, गुडघ्याचा झटका मात्र लगेच दिसतो. दोन्ही पाय टेकलेले असतील तर ज्याला जास्त उतरावं लागतं त्याचा आकडा घ्या.

उडी मारली की पात्र जमिनीला चिकटूनच राहतं.

सगळ्यात खालचा बिंदू जमिनीवर आणायचा नियम उडीतही चालू राहिला. उडीच्या फ्रेमसाठी तो बंद करा आणि उंची गुरुत्वाकर्षणाला ठरवू द्या. दोन्ही पाय १२ फ्रेम हवेत असतील तर वेळ ०.४ सेकंद, आणि उंची g × t² / ८, म्हणजे सुमारे २० सें.मी. कंबरेचा वक्र सुटण्यापासून टेकण्यापर्यंत एवढ्या उंचीच्या कमानीत बसवा. टूलने ३५ सें.मी. दाखवलं असेल तर उडी चंद्रावरची वाटते.

माझं पात्र बुटकं आहे. हेच आकडे चालतील?

वळणं चालतील, जागा चालणार नाही. खेळणाऱ्याचा पाय ८२ आणि पात्राचा ५७ सें.मी. असेल तर कंबरेची सगळी सरकणं ०.७ ने गुणा. ६० सें.मी.चं पाऊल ४२ चं होईल. पावलांच्या जागा बदलल्यामुळे लॉकच्या जागाही पात्रावरच पुन्हा काढाव्या लागतात. टेकल्या-सुटल्याच्या फ्रेमची यादी मात्र तीच राहते, म्हणून ती वेगळी जपून ठेवा.

कशाचा नाद सोडून द्यावा?

पाठ फिरवून केलेल्या हातांच्या हालचाली, जमिनीवर लोळणं, दोन माणसांची मिठी किंवा कुस्ती. जे अंग कॅमेऱ्याला दिसलंच नाही ते टूल रचून सांगतं आणि त्याची दुरुस्ती करण्यापेक्षा तेवढा भाग हाताने ॲनिमेट करणं लवकर होतं. घोळदार कपड्यांचंही तसंच. नऊवारीत पाय वेगळे दिसतात, पण गुडघा निऱ्यांमध्ये हरवतो. सहावारीत किंवा घागऱ्यात पायांचा भरवसाच धरू नका. तालीम घट्ट लेगिंग आणि जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाच्या मोज्यांवर शूट करा. बोटंही या व्हिडिओतून मागू नका. ३.२ मीटरवरून पूर्ण पंजा पन्नासेक पिक्सेलचा असतो आणि त्यातही निम्मा लेझीमच्या मागे.

पाय चालताना एकमेकांसमोरून गेले की डावा-उजवा बदलतात. हे कुठल्या टप्प्यात पकडू?

सगळ्यात आधी, मीडियन फिल्टरच्याही आधी. त्या फ्रेममध्ये डाव्या-उजव्याची अदलाबदल करून पाहा. अदलाबदलीनंतर आधीच्या फ्रेमपासूनचं एकूण अंतर कमी होत असेल, तर टूलनेच गोंधळ केला होता, बदल कायम ठेवा. मीडियापाइपमध्ये घोटे २७ आणि २८, टाचा २९ आणि ३०, चवडे ३१ आणि ३२. विषम आकडा डावा. गुडघे २५ आणि २६ सोबत बदलायला विसरलात, तर पोटऱ्या एकमेकींना फुली मारून जातात.